पत्र पेटीत पडलं, पण बांधला गेला कोण?

"स्वीकृतीचं पत्र पोस्टात टाकलं की करार झाला. मग दोघंही बांधले गेले, कुणालाच मागे फिरता येत नाही. परीक्षेत एवढं लिहिलं तरी पुरे."

यातलं अर्धंच खरं आहे, आणि मार्क जातात ते उरलेल्या अर्ध्यात. एक प्रश्न सोडवून पाहू.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक चादर कारखानदार १ जूनला नागपूरच्या व्यापाऱ्याला पत्र लिहितो: ५०० चादरी, नग ३०० रुपये, उत्तर पोस्टाने कळवा. पत्र ४ जूनला पोहोचतं. त्याच संध्याकाळी सुताचा भाव चढतो म्हणून कारखानदार 'प्रस्ताव रद्द' असं पत्र टाकतो. ते नागपूरला ७ तारखेला दुपारी मिळतं. पण व्यापाऱ्याने ५ जूनला सकाळी ११ वाजता पोस्टाच्या खिडकीवर होकाराचं पत्र देऊन पावती घेतलेली असते. ७ तारखेच्या संध्याकाळी त्याचाही विचार बदलतो आणि तो कारखानदाराला फोन करून 'माझा होकार रद्द समजा' असं सांगतो. होकाराचं पत्र सोलापुरात ८ जूनला येतं. करार झाला का?

आधी कारखानदाराची माघार पाहायची. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५ प्रमाणे स्वीकृती प्रस्तावकाविरुद्ध पूर्ण होण्याआधीच प्रस्ताव मागे घेता येतो. ती कधी पूर्ण होते हे कलम ४ सांगतं: पत्र स्वीकारणाऱ्याच्या हाताबाहेर जाऊन मार्गाला लागलं की, म्हणजे इथे ५ जूनला ११ वाजता. रद्द केल्याचं पत्र ४ तारखेलाच टाकलं होतं, या मुद्द्यावर पुष्कळ जण घसरतात. माघार समोरच्याविरुद्ध लागू होते ती त्याला कळल्यावर, म्हणजे ७ तारखेला. तोवर उशीर झालेला होता. कारखानदाराने ४ तारखेला संध्याकाळी पत्राऐवजी फोन केला असता तर सुटला असता.

आता व्यापारी. सगळी गफलत इथे होते, कारण इंग्लंडच्या कायद्यावरची पुस्तकं वाचून उत्तर लिहिलं जातं. तिकडे पत्र टाकताच करार झाला असं मानतात. अ‍ॅडम्स विरुद्ध लिंडसेल (१८१८) पासूनची ती वाट. आपल्याकडे कलम ४ ने घड्याळं दोन ठेवली आहेत. पत्र पोस्टात पडताच बांधला जातो तो फक्त प्रस्तावक. स्वीकारणारा बांधला जातो ते स्वीकृती प्रस्तावकाला कळल्यावर. मधल्या काळात कलम ५ त्याला परत फिरू देतं. म्हणून ७ तारखेच्या संध्याकाळचा फोन चालतो आणि करार होत नाही. माघार दोघांनीही घेतली, एकाची फुकट गेली, दुसऱ्याची लागली. हा निकाल कानाला विचित्र वाटतो, पण कलमातून तोच निघतो.

बारीक गोष्ट पुढे आहे. समजा फोन ८ तारखेलाच झाला: पत्र साडेदहाला कारखान्याच्या टेबलावर आलं, फोन ११ वाजता झाला आणि मालकाने पाकीट १२ वाजता फोडलं. कलम ४ ची भाषा 'कळण्या'ची आहे, तर कलम ५ खालचं उदाहरण पत्र 'पोहोचण्या'ची वेळ धरतं. कलमाची भाषा धरली तर व्यापारी सुटतो, उदाहरण धरलं तर अडकतो. उत्तरात दोन्ही बाजू मांडाव्यात. माझा कल कलमाच्या शब्दांकडे आहे, कारण उदाहरणाने कलमाचा अर्थ उलगडावा, तो बदलू नये.

पत्र वाटेत हरवलं तर? पत्ता बरोबर आणि तिकीट पुरेसं असेल तर कारखानदार तरीही बांधलेला राहतो. व्यापारी मात्र नाही, कारण स्वीकृती समोरच्याला कळलेलीच नाही. पत्र दुकानातल्या पोऱ्याकडे दिलं आणि ते त्याच्या पिशवीतच राहिलं, तर ते पोस्टात टाकलं असं होत नाही; मालक ते केव्हाही परत मागू शकतो. आणि प्रस्तावातच 'उत्तर १५ तारखेपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे' असं असेल, तर पोस्टात टाकल्याची तारीख कामाची नाही.

फोनवरच्या होकाराला हा नियम लावू नये. भगवानदास केडिया खटल्यात (१९६६) अहमदाबादहून फोनवर सरकीच्या पेंडीची मागणी झाली आणि खामगावहून होकार आला. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ठरवलं की करार अहमदाबादला झाला, जिथे होकार ऐकू आला तिथे. न्या. हिदायतुल्ला यांचं मत वेगळं होतं.

व्यापाऱ्याला एकच व्यावहारिक अडचण उरते: ७ तारखेला फोनवर काय बोलणं झालं याचा पुरावा. कॉल लॉगमध्ये वेळ दिसते, शब्द दिसत नाहीत. फोन ठेवल्यावर लगेच तेच दोन ओळींत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असतं, तर वेळ आणि मजकूर दोन्ही हाताशी राहिले असते.