‘शी विल हॅज फिनिश्ड’ लिहू नका

फिरणारा मेसेज : “‘शी’ एकवचनी आहे, म्हणून ‘शी विल हॅव फिनिश्ड द रिपोर्ट बाय फ्रायडे’ चूक, ‘विल हॅज’ लिहा.”

खुलासा : मूळ वाक्यच बरोबर आहे. तृतीयपुरुषी एकवचनाला ‘हॅज’ हा नियम खरा, पण ‘विल’ नसताना. ‘विल’नंतर क्रियापद मूळ रूपातच राहतं, कर्ता कोणीही असो. ‘शी विल गोज’ आपण म्हणत नाही, तसंच हे. ‘हॅव’पुढे मात्र तिसरं रूप हवं. ‘फिनिश’ची दुसरी-तिसरी रूपं सारखीच, त्यामुळे इथे फरक दिसत नाही, ‘राइट’ घेतलं की लगेच कळतो : ‘विल हॅव रिटन’, ‘रोट’ नव्हे. आणि मुदतीसाठी ‘बाय’च, रिपोर्ट बुधवारी संपला तरी वाक्य खरं ठरतं.

परीक्षा तोंडावर आहेत, तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.