सुरुवातीलाच जोर लावण्याच्या सल्ल्याविषयी

“तरणतलावात दोन किलोमीटर पोहता येत असेल तर समुद्रासाठी वेगळे काही शिकायला नको. सुरुवातीलाच जोर लावून गर्दीच्या पुढे निघा, श्वास घेतानाच डोके वर काढून मार्ग दाखवणारे तरंगते बोया बघा आणि घाबरलात तर खोल श्वास घ्या.”

समुद्रात पहिल्यांदा स्पर्धेला उतरणाऱ्याला दिला जाणारा हा सल्ला मला पटत नाही. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ या पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिहेरी स्पर्धेत १.९ किलोमीटर पोहायचे असते. तेवढे अंतर तलावात सहज कापणारा माणूसही समुद्रात पहिल्या शंभर-दोनशे मीटरमध्येच अडकू शकतो. हृदयाचे ठोके आधीच वाढलेले असतात, आजूबाजूला हातपाय लागत असतात आणि त्यात वेगही वाढवला, तर धाप लागणारच. ज्याचा वेग बेताचा आहे त्याने कडेला किंवा मागच्या बाजूला उभे राहावे, आधी उथळ पाण्यात चेहरा बुडवून काही वेळा सावकाश श्वास सोडून पाहावा आणि पहिली काही मिनिटे मुद्दाम मंद पोहावे.

खोल श्वास घेण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. घाबरलेला पोहणारा तोंड पाण्यात असताना श्वास रोखून धरतो. मग डोके वळवल्यावर त्या अर्ध्या सेकंदात त्याला श्वास सोडायचाही असतो आणि घ्यायचाही असतो, आणि दोन्ही अपुरे राहते. जीव गुदमरल्यासारखा होतो तो प्रामुख्याने शरीरात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. म्हणून पाण्यात चेहरा असेतोवर नाकातोंडातून बुडबुडे सतत सोडत राहावे. तेवढे जमले की श्वास आपोआप आत येतो. तरीही जमेना, तर पाठीवर वळावे किंवा ब्रेस्टस्ट्रोक मारावा. नियमांना त्याची आडकाठी नाही. पुढे न सरकता बचाव पथकाची छोटी होडी, म्हणजे कयाक, धरून थांबले, तरी स्पर्धेतून बाद होत नाही.

आता बोया पाहण्याविषयी. श्वासासाठी संपूर्ण डोके वर काढले की कंबर आणि पाय खाली जातात आणि प्रत्येक वेळी शरीर पुन्हा आडवे करावे लागते. त्याऐवजी पुढचा हात पाण्यावर दाबला जात असताना फक्त डोळे पाण्याबाहेर येतील इतकेच डोके उचलावे, लगेच ते बाजूला वळवावे आणि श्वास तिथे घ्यावा. लाटेच्या खोलगट भागात बोया दिसत नाही, म्हणून लाटेवर चढताना पाहावे, आणि बोयाच्या मागची एखादी उंच इमारत किंवा झाड आधीच हेरून ठेवावे. दिशा दहा अंशांनी चुकली, तर तीनशे मीटरनंतर माणूस सुमारे पन्नास मीटर बाजूला गेलेला असतो, म्हणून साधारण सहा ते दहा हातांनंतर एकदा तरी पाहावे.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी: थांबूनही धाप ओसरत नसेल, किंवा खोकल्यातून गुलाबी फेस येत असेल, तर ती घबराट नसून फुप्फुसांत पाणी साचल्याचे लक्षण असू शकते, आणि तेव्हा हात उंच करून बचाव पथकाला बोलवावे आणि पाण्याबाहेर यावे.