पासवर्ड पॉलिसी लिहिणाऱ्यांसाठी काही नम्र सूचना

परवा सोमवारी सकाळी नऊ पन्नासला लॅपटॉप उघडला. दहाच्या मीटिंगला स्क्रीन मीच शेअर करणार होतो. तर समोर पाटी, तुमच्या पासवर्डची मुदत संपली आहे. मुदत! औषधाच्या बाटलीला असते तशी. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ठणठणीत असलेला पासवर्ड शनिवार-रविवारात नासला. बरं, नवीन टाकला तर कॅपिटल अक्षर नाही म्हणे. कॅपिटल टाकलं तर स्पेशल कॅरेक्टर नाही. स्पेशल कॅरेक्टर टाकलं तर हे स्पेशल कॅरेक्टर चालत नाही, दुसरं आणा. मग आणखी एक टाकला तर तो आधी वापरलाय. शेवटी जो घेतला तो काय होता ते मला दहा वाजून चार मिनिटांनी आठवेना.

तर या निमित्ताने, ज्या कोणाला आपल्या ऑफिसची पासवर्ड पॉलिसी लिहायची आहे त्यांच्यासाठी या अनुभवी माणसाचा फुकट सल्ला.

सर्वात आधी, मुदत ९० दिवसच ठेवा. ९०च का, असं कोणी विचारलं तर "ऑडिटमध्ये आहे" एवढंच म्हणा. ऑडिटवाल्याला विचारलं तर तो म्हणेल "तुमच्या पॉलिसीत आहे". विषय संपला.

चोराचाही विचार करा. तुमचा पासवर्ड मंगळवारी त्याच्या हाती लागला की तो सभ्यपणे ९० दिवस थांबतो, मुदत संपू देतो, मग वाईट वाटून घरी जातो. त्याच दिवशी लॉगिन करून तुमची मेल दुसरीकडे फॉरवर्ड होईल असा गुपचूप नियम लावून ठेवणं वगैरे असले प्रकार तो करतच नाही. (तो नियम पासवर्ड बदलल्यावरही चालूच राहतो, पण ते राहू दे.)

पेस्ट बंद ठेवा. पासवर्ड मॅनेजरने बनवलेला वीस अक्षरी पासवर्ड माणसाने एकेक अक्षर बघत बघत हाताने टाइप केला पाहिजे, त्याशिवाय घाम कसा गळणार.

जुने २४ पासवर्ड लक्षात ठेवा. म्हणजे मशीनने ठेवायचे, माणसाने नाही, माणसाने फक्त पंचविसावा शोधायचा. याच्या जोडीला "एकदा बदलला की दिवसभर परत बदलता येणार नाही" हाही नियम लावा, कारण काही हुशार लोक एका बसल्या बैठकीत चोवीस वेळा बदलून पंचविसाव्यांदा आपला जुनाच परत आणत होते. आता मला सांगा, माणूस चोवीस वेळा फॉर्म भरायला तयार आहे पण पासवर्ड सोडायला तयार नाही, यातून त्या माणसाला काही म्हणायचं असेल असं एकदाही वाटलं नाही का?

आता मुख्य मुद्दा. लोकांना वर्षातून चार वेळा नवा पासवर्ड सुचत नाही, हे पॉलिसी लिहिताना विसरून जा. लोक काय करतात ते मी सांगतो, कारण मीही तेच करतो. पहिला पासवर्ड `Khidki#07`. तीन महिन्यांनी `Khidki#08`. मग `#09`. कॅपिटल आहे, आकडा आहे, स्पेशल कॅरेक्टर आहे, नऊ अक्षरं आहेत, पॉलिसी खूश. सिस्टमला पत्ताही लागत नाही, कारण ती जुने पासवर्ड जसेच्या तसे ठेवत नाही, त्यांचे हॅश ठेवते, म्हणजे ज्यातून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही असं गणिताने केलेलं रूप, आणि `08` आणि `09` यांचे हॅश एकमेकांशी अजिबात मिळत नाहीत. फार तर बदलताना तुम्ही जुना टाइप करता तेवढ्या एकाशी ती तुलना करू शकते. (आणि एखादी सिस्टम जर म्हणाली की हा तुमच्या सहा पासवर्डांपूर्वीच्या पासवर्डसारखा दिसतोय, तर सावध व्हा. एकतर ती नव्याचे आसपासचे प्रकार बनवून ताडून बघतेय, नाहीतर तुमचे जुने पासवर्ड तिच्याकडे वाचता येतील अशा अवस्थेत पडलेत.)

आता चोराच्या बाजूने बघू. दोन वर्षांपूर्वी भलत्याच कुठल्यातरी साइटचा डेटा फुटला, त्यात माझा ऑफिसचा ईमेल आणि `Khidki#07`, कारण मी आळशी माणूस, दोन्हीकडे एकच ठेवला होता. चोराला शेवटचा `#07` बघून कळतं की हा माणूस मोजतोय. तो हिशोब करतो. दोन वर्षं म्हणजे २४ महिने, दर तीन महिन्यांनी एक बदल, म्हणजे आठ बदल. सात अधिक आठ पंधरा. पहिला प्रयत्न `Khidki#15`. नाही लागला तर `#14`, नाहीतर `#16`. तीन प्रयत्नांत काम होतं, आणि तुमची सिस्टम लॉक होते पाच चुकांनंतर! माझ्या पासवर्डचा पुढचा आकडा त्याला कोणी सांगितला? तुम्ही सांगितला. "दर ९० दिवसांनी" असं पॉलिसीत छापून. मी पासवर्ड बदललाच नसता तर `#07` त्याला तसाच मिळाला असता हे खरं, पण मग निदान बदलून सुरक्षित झालो असं खोटं समाधान तरी कोणाला मिळालं नसतं.

हे मी रागात बोलतोय असं वाटत असेल तर हे मोजून झालंय. २०१० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्याच जुन्या खात्यांचे पासवर्ड तपासले, तिथे तीन महिन्यांनी बदलायची सक्ती होती. ज्यांचा आधीचा एखादा पासवर्ड हाती लागला होता अशी ७,७५२ खाती घेतली आणि त्यावरून पुढचा ओळखता येतो का ते बघितलं. १७ टक्के खाती पाचहून कमी प्रयत्नांत उघडली. हॅश हातात असेल, म्हणजे लॉक होण्याची भीतीच नसेल, तर ४१ टक्के पासवर्ड प्रत्येकी तीन सेकंदांच्या आत. लोकांनी काय केलं होतं? आकडा एकने वाढवला, चिन्ह मागून पुढे आणलं, एका अक्षराच्या जागी तसंच दिसणारं चिन्ह ठेवलं. सगळ्यांना वाटतं ही युक्ती फक्त आपल्यालाच सुचली.

आणि गंमत म्हणजे आधीच ठाऊक आहे की बदलायचाच आहे, तर पहिला तरी चांगला कोण शोधेल? भाड्याच्या खोलीत कोणी फरशी बसवत नाही.

हेल्पडेस्कसाठी सूचना: पासवर्ड रीसेट करून देताना सगळ्यांना `Welcome@123` द्या. एकता वाढते.

तक्रारीचं तिकीट टाकण्यासाठी लॉगिन अनिवार्य ठेवा.

माझ्या सोमवारची पुढची कथा राहिलीच. मीटिंगला कसाबसा शिरलो आणि अकराला परत अकाउंट लॉक. का? तर फोनमधलं मेलचं ॲप दर थोड्या वेळाने जुन्याच पासवर्डने दार वाजवत होतं, पाच वेळा झालं की लॉक. फोनमध्ये बदलला. दोनला परत लॉक. चार वाजता हेल्पडेस्कच्या पोराने लॉग बघून सांगितलं की आणखी एक डिव्हाइस आहे, आणि मग मला आठवलं, घरी ड्रॉवरमध्ये पडलेला जुना टॅब, चार्जिंगला लावलेला, इमानदारीने जुना पासवर्ड पाठवत बसलेला. सहा तास गेले. त्या दिवशी माझ्या खात्यावर झालेला एकमेव हल्ला माझ्याच टॅबने केला आणि तो परतवून लावल्याचं कौतुक बहुतेक एखाद्या रिपोर्टात आलंही असेल.

पुरे झाली थट्टा. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, हे किती वर्षं चालवणार? अक्षर-आकडा-चिन्ह आणि ठरावीक काळाने बदल ही शिकवण ज्यांच्या कागदावरून जगभर पसरली त्या बिल बर यांनी २०१७ मध्ये स्वतः सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतोय. अमेरिकेत तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या ज्या निस्ट या सरकारी संस्थेत ते होते तिने त्याच वर्षी सांगितलं, उगाच ठरावीक काळाने बदलायला लावू नका. २०२५ च्या नव्या आवृत्तीत तर सरळ मनाईच आहे, मुदतीलाही आणि त्या कॅपिटल-चिन्हाच्या अटींनाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारस केलेल्या सेटिंगमधून पासवर्डची मुदत काढून टाकली. लिहिणाऱ्यांनी खोडलं, तुम्ही अजून जुनी झेरॉक्स सांभाळून बसलाय!

मग काय करायचं ते ऐका. लांबी मागा, नक्षी नको. नुसत्या पासवर्डवरच दार असेल तर किमान १५ अक्षरं, कमाल ६४ तरी चालू द्या, स्पेस चालू द्या. ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून पाच शब्द काढले, तर जे पर्याय होतात ते आठ अक्षरी अगदी रँडम पासवर्डच्या चार हजार पटींहून जास्त असतात, आणि शब्द पाठ होतात. फासे टाकून म्हटलंय, मनाने निवडून नाही, मनाने निवडलं की सगळ्यांचं मन एकाच ठिकाणी जातं.

नवा पासवर्ड घेतानाच तो आधी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत आहे का ते तपासा आणि असेल तर का नाकारला ते माणसाला कळेल अशा भाषेत सांगा. पासवर्ड मॅनेजर द्या. पासवर्डनंतर ओळख पटवायचा दुसरा टप्पा लावा, जमलं तर पासकी, म्हणजे फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्येच राहणारी डिजिटल किल्ली, कारण मेसेजवरचा कोड खोट्या साइटवरही माणूस भाबडेपणाने टाकतो, पासकी मुळात खोट्या साइटवर चालतच नाही. आणि बदलायला लावाच, पण कारण असेल तेव्हा: डेटा फुटला, कोणी फसव्या लिंकवर पासवर्ड टाकला, रात्री तीनला भलत्याच देशातून लॉगिन झालं, चौघांत मिळून वापरायच्या खात्यातला एक जण नोकरी सोडून गेला. तेव्हा ९० दिवस नाही, ९० मिनिटंही थांबू नका, आणि उघडी असलेली सगळी सेशन बंद करा, मेलचे फॉरवर्डिंगचे नियम तपासा. पण त्यासाठी लॉग बघावे लागतात, आणि लॉग बघायला माणूस लागतो, कॅलेंडरवर रिमाइंडर लावला की ते काम होत नाही. खरं घोडं इथेच पेंड खातंय. तुम्हाला काम करायचं नाहीये, केल्यासारखं दाखवायचंय, आणि त्याची हमाली आम्ही करायची.

"पण ऑडिटमध्ये अडकेल" म्हणू नका. कार्ड पेमेंटच्या पीसीआय नियमांत ९० दिवसांची अट आहे, मान्य, पण तिथेही ती नुसत्या पासवर्डवर चालणाऱ्या लॉगिनसाठी आहे. दुसरा टप्पा लावलात तर ती अटही सुटते. वाचा एकदा. नसेल वाचायचं तर निदान तो पेस्टचा बंदोबस्त तरी आज काढा, माझे ८८ दिवस उरलेत.