सरासरी चालते, पण वजनं चुकतात: गरम लोखंड आणि पाण्याचं गणित

*“गरम धातू पाण्यात टाकला की अंतिम तापमान काढायला लांबलचक समीकरण कशाला? वस्तुमानं सारखी असतील तर दोन्ही तापमानांची सरासरी घ्या, वेगळी असतील तर वस्तुमानाच्या प्रमाणात सरासरी. कॅलरीमापीचं भांडं सोडून द्या, त्याने काही फरक पडत नाही. फक्त तापमान आधी केल्व्हिनमध्ये करून घ्या, नाहीतर उत्तर चुकतं.”*

एक उदाहरण घेऊ. २०० ग्रॅम लोखंड १००°C ला तापवून २०°C च्या २०० ग्रॅम पाण्यात टाकलं. वरच्या युक्तीने उत्तर ६०°C येतं. थर्मामीटर मात्र २८ च्याही थोडा खालीच थांबेल.

सरासरीबद्दल. गंमत म्हणजे सरासरीची कल्पना मुळात चुकीची नाही, तिच्यात वापरलेली वजनं चुकीची आहेत. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला १ कॅलरी लागते, एक ग्रॅम लोखंडाला फक्त ०.११; हीच त्या पदार्थाची विशिष्ट उष्माधारकता. म्हणजे २०० ग्रॅम लोखंड या हिशेबात २२ ग्रॅम पाण्याइतकंच भरतं. वस्तुमान आणि विशिष्ट उष्माधारकता यांचा गुणाकार हे खरं वजन. अंतिम तापमान T माना आणि लोखंडाने गमावलेली उष्णता आणि पाण्याने घेतलेली उष्णता समान धरून मांडा:

२२ × (१०० − T) = २०० × (T − २०)

इथून T = २७.९°C. नुसत्या वस्तुमानाने केलेली सरासरी बरोबर येते ती दोन्हीकडे एकच पदार्थ असेल तेव्हा, उदाहरणार्थ गरम पाणी थंड पाण्यात ओतताना. बहुधा ही युक्ती तिथूनच उचलली गेली असावी.

केल्व्हिनबद्दल. समीकरणात तापमानांचे फरकच येतात आणि अंशाचा आकार दोन्ही मापांत सारखाच असतो, त्यामुळे सेल्सिअसमध्येच ठेवा. चूक होते ती फरकात २७३ मिळवल्यावर: ८ अंशांच्या वाढीला कुणी २८१ केलं की पुढचं सगळं वाहून गेलं.

भांड्याबद्दल. पाणी १०० ग्रॅमच्या तांब्याच्या कॅलरीमापीत असेल, तर भांडंही पाण्याबरोबर २० वरून वर चढतं. तांब्याची विशिष्ट उष्माधारकता ०.०९५ धरली तर भांड्याचं या हिशेबातलं वजन ९.५ भरतं. उजवीकडे २०० ऐवजी २०९.५ लिहा, उत्तर २७.६°C येतं. फरक ०.३ अंशाचा, म्हणून तो क्षुल्लक वाटतो. पण पाण्याची एकूण वाढच साडेसात अंशांच्या आसपास आहे. प्रयोगशाळेत याच वाचनावरून लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता काढताना भांडं विसरलं, तर ०.११ ऐवजी ०.१०५ मिळते, म्हणजे जवळपास पाच टक्के कमी.

“भांडं न धरताही आमचं उत्तर बरोबर येतं” असं म्हणणाऱ्यांनी तुकडा कुठून उचलला ते पाहावं. तो उकळत्या पाण्यातून काढून तसाच टाकला असेल, तर त्याला चिकटलेलं पाणीही सोबत येतं. अवघं १ ग्रॅम, पण ते ९ ग्रॅम लोखंडाइतकी उष्णता आणतं. मग तापमान २७.९ पर्यंत जातं आणि भांडं विसरून केलेला हिशेब बरोब्बर ०.११ देतो! दोन चुकांनी एकमेकींना झाकलं, इतकंच. म्हणून तुकडा परीक्षानळीत कोरडाच तापवतात, चटकन कॅलरीमापीत सोडतात आणि ढवळणीने हलवत राहून सर्वांत जास्त चढलेलं तापमान टिपतात. ढवळलं नाही तर तुकड्याजवळचं पाणी गरम आणि वरचं थंड राहतं, मग थर्मामीटरचा फुगा जिथे असेल तिथलंच वाचन मिळतं.

आणि जिथे सरासरी कामालाच येत नाही. तोच तुकडा ९००°C ला तापवून टाकला, तर भांडं धरूनही समीकरण १०३.६°C देतं. उघड्या भांड्यातलं पाणी तिथवर जात नाही. उत्तर १०० च्या वर आलं की समीकरण बाजूला ठेवून टप्प्याने हिशेब करा. लोखंड ९०० वरून १०० वर येताना २२ × ८०० = १७,६०० कॅलरी देतं. पाणी आणि भांडं १०० पर्यंत न्यायला २०९.५ × ८० = १६,७६० लागतात. उरलेल्या ८४० कॅलरींनी, ग्रॅमला ५४० प्रमाणे, साधारण दीड ग्रॅम पाण्याची वाफ होते. अंतिम तापमान १००°C.

हेही कागदावरचंच. इतक्या तापमानाला लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता ०.११ पेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे सोडलेली उष्णताही जास्त. शिवाय सगळं पाणी १०० ला पोहोचण्याआधीच तुकड्याभोवती वाफ होऊन निसटू लागते. परीक्षेत स्थिर मूल्य दिलेलं असतं म्हणून दीड ग्रॅम लिहायचं.