शिकलेली मुलगी फसली कशी, असे विचारणाऱ्यांसाठी

आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिले, ‘एवढी शिकलेली मुलगी, तरी फसलीच कशी?’ हे माझ्या भाचीबद्दल होते आणि ती स्वतः त्या ग्रुपमध्ये आहे, हेही त्यांच्या लक्षात आले नाही. मी तिथे उत्तर दिले नाही, कारण दिले असते तर ते नीट शब्दांत आले नसते. इथे देते. कर्मचारी भरतीचे काम मी बरीच वर्षे केले आहे, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी मानते.

भाची नाशिकला असते, इलेक्ट्रॉनिक्सची पदवीधर आहे आणि नोकरीच्या शोधात होती. लिंक्डइनवर तिला एका मोठ्या कंपनीच्या एचआर अधिकाऱ्याच्या नावाने संदेश आला की, तुमचे प्रोफाइल पुण्याच्या युनिटसाठी शॉर्टलिस्ट झाले आहे, पुढची प्रक्रिया लवकर व्हावी म्हणून व्हॉट्सअ‍ॅप नंबर कळवा. तिने कळवला. थोड्याच वेळात व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळ्याच नावाच्या माणसाने, ‘मी त्यांचा कोऑर्डिनेटर’ म्हणून बोलणे सुरू केले. फोटोच्या जागी कंपनीचा लोगो होता. त्याने तिला टेलिग्रामवर नेले, तिथे प्रश्न टाइप करून ‘मुलाखत’ घेतली आणि दुसऱ्या दिवशी लेटरहेडवरचे ऑफर लेटर पाठवले. त्यानंतर लॅपटॉपचे कुरिअर आणि कागदपत्रांची पडताळणी यांसाठी 2,850 रुपये मागितले, ते पहिल्या पगारात परत मिळतील असे सांगून. तिने भरले. मग 14,500 मागितले गेले, तेव्हा तिने मला फोन केला.

आता काकांच्या प्रश्नाकडे येते. ती फसली ती पैसे भरताना नव्हे. पैसे मागितले जाण्याच्या कितीतरी आधी तिला अशा जागी नेले गेले होते, जिथे समोरचा माणूस कोण आहे हे तपासण्याचे कोणतेच साधन तिच्या हातात उरले नव्हते. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण नंबर सेव्ह केलेला नसेल, तर नावाच्या आधी जे ~ चिन्ह दिसते, त्याचा अर्थ इतकाच की हे नाव समोरच्याने स्वतः लिहिले आहे. लोगो कोणीही लावू शकतो. लिंक्डइनवर निदान प्रोफाइलच्या More या मेनूत About this profile असा पर्याय असतो, तिथे ते खाते कोणत्या महिन्यात आणि वर्षी उघडले गेले ते दिसते. अनेक वर्षे एचआरमध्ये असल्याचे सांगणाऱ्याचे खाते गेल्या महिन्यात उघडलेले असेल, तर पुढे विचारण्यासारखे काही राहत नाही. शिवाय 2022 पासून लिंक्डइनवर संभाषण दुसरीकडे नेण्याची मागणी करणाऱ्या संदेशावर इशारा दिसू शकतो आणि तिथूनच तक्रारही करता येते. ठगांना तिथे जास्त वेळ थांबणे परवडत नाही. एखाद्याने तक्रार केली की खाते बंद होऊ शकते, म्हणून ते बंद होण्याआधी माणसाला बाहेर काढणे हेच त्यांचे पहिले काम असते. ‘प्रक्रिया लवकर व्हावी म्हणून’ या शब्दांतली घाई त्यांची असते, कंपनीची नसते.

भाचीच्या बाबतीत मी त्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा कार्यालयाचा क्रमांक शोधून फोन केला. त्या नावाचे अधिकारी तिथे खरोखरच होते. त्यांचे स्वतःचे लिंक्डइन खाते अनेक वर्षे जुने होते आणि त्यांच्या फोटोवर कोणीतरी दुसरे खाते उघडले आहे, हे त्यांना माझ्याकडूनच कळले. तोपर्यंत ते खोटे खाते नाहीसे झाले होते.

सगळ्यात जास्त राग मला आला तो तक्रार नोंदवताना. 1930 या क्रमांकावर फोन केला आणि नंतर cybercrime.gov.in वर तपशील भरायला बसलो. व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक तिच्याकडे होता, तारीख-वेळ होती, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो होता आणि तो कंपनीचा नसून एका खासगी व्यक्तीच्या नावाचा होता. मग संभाषणाचे स्क्रीनशॉट जोडायचे म्हणून तिने टेलिग्राम उघडले, तर ते संभाषण साफ रिकामे! टेलिग्रामवर दोघांमधल्या संभाषणातले संदेश दोन्ही बाजूंनी पुसता येतात, कितीही जुने असले तरी. मुलाखत, ऑफर लेटर, पैशांची मागणी, सगळे तिच्याच फोनमधून तिच्या डोळ्यांदेखत गेले होते. व्हॉट्सअ‍ॅपवरही त्या माणसाने सुरुवातीलाच आपोआप नाहीसे होणारे संदेश सुरू केले होते, 24 तासांचे. ती ओळ पडद्यावर आली होती, पण नव्या नोकरीच्या आनंदात अशी बारीक करड्या अक्षरांतली ओळ कोण वाचतो?

शेवटी पुरावा मिळाला तो तिच्या जीमेलमध्ये. लिंक्डइनवर संदेश आला की ईमेलनेही सूचना येते आणि त्या पहिल्या संदेशाची सूचना तशीच पडून होती, नावासकट, वेळेसकट. म्हणजे संपूर्ण प्रकरणात जो एकमेव संदेश ठगाला पुसता आला नाही, तो अधिकृत जागेवर आलेला होता. बाकीचे संभाषणही तिथेच झाले असते तर? मुळात ते तिथे इतके पुढे गेलेच नसते, असे मला वाटते.

मान्य आहे, आपल्याकडे खऱ्या कंपन्यांची माणसेही सर्रास व्हॉट्सअ‍ॅप करतात. नोकरी डॉट कॉमवर बायोडेटा टाकला की नंबर भरती करणाऱ्यांना दिसतोच आणि गोदामातली, गाडीवरची किंवा फिरत्या विक्रीची कित्येक कामे तर पहिल्या शब्दापासून फोनवरच ठरतात. त्यामुळे नंबर कोणाला देऊच नका, असे मी म्हणत नाही. मुलाखतीची वेळ, गेटचा क्रमांक, ‘रिसेप्शनला अमुक यांना विचारा’ हे फोनवर आले तर काही बिघडत नाही. पण समोरच्याची ओळख, पद, पगार, ऑफर, आधार आणि पॅनसारखी कागदपत्रे आणि ज्यात एक रुपयाचाही उल्लेख आहे असे काहीही, पोर्टलवर किंवा कंपनीच्या ईमेलवरच राहिले पाहिजे. त्यातही कोणतीही बरी कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून लॅपटॉपचे, पडताळणीचे किंवा प्रशिक्षणाचे पैसे घेत नाही, हे वेगळे सांगायला नको.

आणि नकार द्यायची गरजही नसते. भाचीला मी एक उत्तर लिहून दिले आहे आणि ती आता तेच वापरते: ‘संपर्काबद्दल आभार. मला या पदात रस आहे. पुढचा तपशील कृपया इथेच किंवा आपल्या कंपनीच्या ईमेलवरून पाठवावा, मी त्याच दिवशी उत्तर देईन.’ खऱ्या माणसाला यात खटकण्यासारखे काहीच नाही, त्याला एक ईमेल पाठवायला दोन मिनिटे लागतात. खोट्या माणसाला तो ईमेल पाठवताच येत नाही, म्हणून तो चिडतो, ‘जागा आज संध्याकाळपर्यंतच आहे’ म्हणतो किंवा गप्प होतो.

काही जण ईमेलही पाठवतात, तो मात्र नीट बघावा लागतो. फोनवर जीमेल उघडले की पाठवणाऱ्याचे फक्त नाव दिसते आणि तिथे कंपनीचे नाव लिहिणे अगदी सोपे असते. त्या नावाखालच्या बाणावर बोट ठेवले की खरा पत्ता दिसतो. त्यातला @ नंतरचा भाग कंपनीच्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी अक्षरशः जुळला पाहिजे. कंपनीच्या नावापुढे आडवी रेघ देऊन careers किंवा hr जोडलेले असेल, तर ते बहुतेक वेळा कोणीतरी वेगळे विकत घेतलेले नाव असते. भाचीला ऑफर लेटरसोबत आलेला पत्ता तर सरळ @gmail.com वर संपत होता, पण त्याच्या आधी कंपनीचे नाव, hr आणि पुणे असे सगळे शब्द नीट मांडलेले होते. नजर तिथेच थांबते.

शंका असेल, तर संकेतस्थळावरच्या क्रमांकावर फोन करावा. त्या संदेशात दिलेल्या क्रमांकावर करून उपयोग नाही, कारण तिथे फोन उचलायलाही त्यांचाच माणूस असतो.

लिहिता लिहिता काकांवरचा राग थोडा उतरला आहे. त्यांना वाईट वाटले म्हणूनच त्यांनी विचारले असेल. पण माझ्या भाचीने दोन रात्री जेवण टाकले होते, पैशांसाठी नव्हे, तर घरच्यांना पेढे देऊन झाले होते म्हणून. तिच्या ताटात पुन्हा तो प्रश्न वाढू नका, एवढेच त्यांना सांगणे आहे. तक्रार नोंदली गेली आहे, पैसे पुढच्या खात्यांत सरकले आहेत असे बँक म्हणते, बघू.

आता उरलेला राग माझ्याच व्यवसायातल्या लोकांवर आहे आणि तो उतरणार नाही. माझ्या यादीत भरतीचे काम करणारे बरेच मित्र आहेत. तुम्ही नव्या मुलांना पहिल्याच संदेशात ‘सीव्ही व्हॉट्सअ‍ॅप करा’ म्हणून लिहिता, स्वतःच्या खासगी नंबरवर आधार आणि पगाराच्या स्लिपा मागवता, ऑफर लेटरही तिथेच पाठवता. तुमच्यासाठी ती सोय असते. पण खरी कंपनी अशीच बोलते, असे त्या मुलांना तुम्हीच शिकवता आणि मग ठगाला वेगळे काही करावेच लागत नाही, तो फक्त तुमच्यासारखा वागतो. तुमच्याकडे कंपनीचा ईमेल आहे, पोर्टलचे पैसे कंपनीने भरलेले आहेत. कृपया उद्यापासून पहिला संदेश तिथून पाठवा, आणि एखादी मुलगी ‘आपल्या कंपनीच्या ईमेलवरून कळवाल का?’ असे विचारेल, तेव्हा तिचे नाव यादीतून काढू नका.