सोळा जोडलेले, नोंदी मात्र पन्नास

"वायफायला नवीन फोन जोडताना Obtaining IP address वरच अडकतोय? म्हणजे तुमच्या राउटरची क्षमता भरली. उपाय : १) जास्त स्पीडचा प्लॅन घ्या. २) रोज राउटर बंद करून चालू करा. ३) नेटवर्क फरगेट करून पुन्हा जोडा. ४) फोनमध्ये हाताने स्टॅटिक आयपी टाका. ५) तरीही नाही जमलं तर नवा राउटर घ्या, जुना एवढाच लोड घेतो. सर्वांना पाठवा."

हा मेसेज मला एकाच आठवड्यात तीन ग्रुपांवरून आला. तिसऱ्यांदा तो पाठवणारा माझा मित्र होता. त्याची सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका आहे आणि मेसेजमधलं पाचवं कलम अमलात आणायची त्याची तयारी झाली होती. त्याला म्हटलं, थांब. उद्या संध्याकाळी येतो, तोवर राउटरला कुणी हात लावू नका.

त्याची तक्रार ऐकतानाच एक गोष्ट खटकली होती. सकाळच्या बॅचला कधीच त्रास नाही, संध्याकाळच्यांनाच होतो. क्षमतेचा प्रश्न असता तर गर्दीच्या वेळी दोघांनाही झाला असता, कारण दोन्ही बॅच २८-२८ मुलांच्याच.

संध्याकाळी साडेपाचला राउटरच्या पानावर दोन याद्या उघडल्या. वायफायला आत्ता कोण जोडलेलं आहे, ही पहिली. तिच्यात सोळा उपकरणं. राउटरमधल्या पत्ते वाटणाऱ्या सेवेने, म्हणजे डीएचसीपीने, कुणाकुणाला पत्ते दिले आहेत, ही दुसरी. तिच्यात पन्नास नोंदी. सेटिंगमध्ये पत्त्यांची रांग होती 192.168.1.100 ते 192.168.1.149, म्हणजे बरोबर पन्नास. लीजची मुदत २४ तास. निदान तिथेच झालं होतं, पण ते समजायला राउटर पत्ते कसे वाटतो ते पाहावं लागेल.

फोन वायफायला जोडला जातो तेव्हा दोन वेगळी कामं होतात. आधी पासवर्ड तपासून रेडिओची जोडणी होते. मग फोन ओरडतो, "मला कुणी पत्ता देता का?" राउटर आपल्या रांगेतला एक मोकळा पत्ता पुढे करतो, फोन तो मागून घेतो आणि राउटर ठरावीक मुदतीसाठी तो त्याच्या नावावर लिहितो. ही मुदत म्हणजे लीज. अर्धी मुदत सरली की फोन ती वाढवून मागतो. तो निघून गेला, तर वाढवून मागणारं कुणी नसतं. पण "मी निघालो, पत्ता परत घ्या" असं सांगायची तरतूद असली तरी वायफाय सोडून जाणारा फोन सहसा ते सांगत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी, मग गाडीतून उतरून घरी जावं आणि रुमाल तिथेच राहावा, तसं. कंडक्टर २४ तास त्या रुमालाचा मान राखतो.

आता अभ्यासिकेचा हिशोब. ऑफिसचा संगणक आणि दोन कर्मचाऱ्यांचे फोन, हे तीन पत्ते कायमचे. सकाळच्या २८ मुलांनी मिळून ३४ पत्ते घेतले होते (२८ चे ३४ कसे, ते पुढे). झाले ३७. ही मुलं एकला घरी गेली, पण सकाळी सातला घेतलेला पत्ता दुसऱ्या दिवशी सातपर्यंत अडलेलाच. उरले तेरा. संध्याकाळच्या पहिल्या तेरा जणांना ते मिळाले आणि चौदावा Obtaining IP address वर बसला. तेरा अधिक तीन, सोळा. पहिल्या यादीतला आकडा जुळला.

आता मेसेजच्या कलमांकडे. प्लॅनचं आधी निकालात काढतो. पत्ता देणं हे राउटरचं घरातल्या घरातलं काम आहे, त्यात बाहेरच्या कंपनीचा हात नाही. खात्री करायची तर बाहेरून येणारी केबल राउटरमधून काढून ठेवा. इंटरनेट जाईल, पण पत्ते मिळत राहतील. पन्नासच्या जागी पाचशेचा स्पीड घेतला तरी चौदावा मुलगा बाहेरच.

बंद-चालू करण्याने मात्र फरक पडतो, आणि म्हणूनच तो उपाय इतका पसरला आहे. बऱ्याच राउटरमध्ये नोंदींची वही तात्पुरत्या मेमरीत असते. वीज गेली की वही कोरी. मग जे समोर आहेत तेच पत्ते मागतात, गेलेल्यांचे रुमाल उडालेले असतात. पण मुदत आणि रांग तीच राहिल्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय भर संध्याकाळी हे केलं, तर ऑनलाइन लेक्चर बघणारी मुलं उखडणार. यात आणखी एक खोच आहे. स्विचमधून केबलने जोडलेल्या संगणकाला राउटर बंद झाल्याचं कळतही नाही. तो जुना पत्ता धरून बसतो, कोऱ्या वहीचा राउटर तोच पत्ता दुसऱ्याला देऊ शकतो. काही राउटर देण्याआधी त्या पत्त्याला हाक मारून बघतात, पण झोपलेला संगणक ओ देत नाही.

फरगेट करून जोडण्याच्या सल्ल्यावर मला खरंच राग आहे, कारण तो दुखणं वाढवू शकतो. राउटर फोनला ओळखतो तो मॅक पत्त्यावरून. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कच्या नावासाठी बनवलेला वेगळा मॅक पत्ता वापरतात. खासगीपणासाठी हे चांगलंच आहे. पण आयफोनवर नेटवर्क फरगेट केलं की पुढच्या वेळी तो नवा मॅक घेऊन येऊ शकतो. राउटरच्या दृष्टीने तो नवा माणूस, त्याला नवा पत्ता, आणि जुना पत्ता मुदत संपेपर्यंत वाया. २८ चे ३४ झाले त्याची गोष्टही हीच. अभ्यासिकेत वायफायची दोन नावं होती, एक २.४ गिगाहर्ट्झचं आणि एक ५ चं. सहा मुलं एकावरून दुसऱ्यावर गेली होती. फोन सहा, मॅक बारा, पत्ते बारा.

स्टॅटिक आयपीचं कलम औषध म्हणून वाईट, तपासणी म्हणून उत्तम. अडकलेल्या फोनमध्ये रांगेबाहेरचा पत्ता, समजा 192.168.1.230, गेटवे 192.168.1.1 असं हाताने भरलं आणि इंटरनेट लगेच चालू झालं, तर रेडिओ ठणठणीत आहे आणि संपलेत ते पत्ते. याहून सोपी तपासणी म्हणजे लॅपटॉपला केबल लावणे. केबलला वायफायच्या रेडिओची मर्यादा लागू नाही. तरीही लॅपटॉप 169.254 ने सुरू होणारा पत्ता दाखवत असेल, तर कुणी पत्ता दिला नाही म्हणून त्याने स्वतःच एक घेतला आहे. तपासून झालं की सेटिंग पुन्हा आपोआपवर आणा. हाताने टाकलेल्या पत्त्याची राउटरला खबर नसते. मी याद्या पाहिल्यानंतर मेसेज वाचून अभ्यासिकेतल्या दोन मुलांनी असाच पत्ता टाकला होता. दोघंही हुशार, दोघांनीही रांगेनंतरचा पहिला, .150 निवडला, आणि दोघांचंही नेट आळीपाळीने जात होतं.

मग करायचं काय? राउटरच्या पानावर LAN किंवा DHCP Server असा भाग असतो. त्यात Start IP, End IP आणि Lease Time अशी तीन घरं, नावं थोडी इकडेतिकडे. 255.255.255.0 या मास्कमध्ये .1 ते .254 पत्ते वापरता येतात, म्हणून लोक थेट .2 ते .254 भरून टाकतात. तसं करू नका. आधी हाताने पत्ते दिलेली उपकरणं शोधा. अभ्यासिकेत प्रिंटर .10 वर होता आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर .200 वर. रांग .200 ओलांडून गेली असती, तर कधीतरी एखाद्या मुलाच्या फोनला डीव्हीआरचा पत्ता मिळाला असता आणि कॅमेरे गायब. म्हणून आम्ही .20 ते .199 घेतली, म्हणजे १८० पत्ते. त्या दोन मुलांचे .150 आता रांगेच्या आत येत होते, म्हणून त्यांना आधी आपोआपवर यायला लावलं.

पण माझ्या मते खरं औषध मुदतीत आहे. दोन तासांची लीज ठेवली तर फोन दर तासाला ती वाढवून घेतो, आणि एकला गेलेल्या मुलाचा पत्ता फार तर तीनपर्यंत अडतो. संध्याकाळची मुलं पाचला येतात. तोवर सकाळचे सगळे पत्ते मोकळे, म्हणजे एका वेळची गरज तीन अधिक चौतीस, सदतीस. जुनी पन्नासची रांगही पुरली असती. घरी, जिथे तीच माणसं रोज असतात, २४ तासांनी काही बिघडत नाही. ये-जा असेल तिथे मुदत आधी बघावी. फक्त त्या घरात तास, मिनिटं की सेकंद अपेक्षित आहेत ते नीट वाचा. सेकंदांच्या घरात १२० लिहिलंत तर दोन तासांऐवजी दोन मिनिटं होतील. दोन तास म्हणजे ७२०० सेकंद.

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची प्रणाली असेल तर हेच काम असं होतं :

```
uci set dhcp.lan.start='20'
uci set dhcp.lan.limit='180'
uci set dhcp.lan.leasetime='2h'
uci commit dhcp
service dnsmasq restart
```

इथे limit म्हणजे शेवटचा पत्ता नव्हे, पत्त्यांची संख्या. पत्ते संपले असतील तर तिथल्या logread मध्ये DHCPDISCOVER च्या ओळीत no address available असं स्पष्ट दिसतं.

आधी दिलेल्या लीज मात्र जुन्याच मुदतीच्या असतात, म्हणून बदलानंतर एकदा, एकदाच, राउटर बंद-चालू करावा.

अडीचशेही कमी पडत असतील तर मास्क 255.255.254.0 करून दुप्पट पत्ते मिळतात. पण हाताने पत्ते दिलेल्या उपकरणांचा मास्कही बदलावा लागतो. शिवाय फायबरच्या डब्याचं नेटवर्क 192.168.1 चं आणि तुमच्या राउटरचं 192.168.0 चं असेल, तर हा मास्क दोन्ही गिळतो आणि इंटरनेट बंद पडतं. घरात किंवा अभ्यासिकेत या वाटेला जायची वेळ सहसा येत नाही.

राहिला नवा राउटर. रेडिओची मर्यादा खरीच असते. काही राउटर ठरावीक संख्येनंतर नवी जोडणी घेत नाहीत. पण तेव्हा फोन पत्ता मागण्याच्या पायरीपर्यंत पोहोचतच नाही, आधीच परत पाठवला जातो, आणि केबलवरचा लॅपटॉप मजेत चालतो. मित्राकडे दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा याद्या उघडल्या. सगळी मुलं जोडलेली, अडकलेलं कुणी नाही, आणि सकाळच्या बॅचची एकही नोंद उरलेली नव्हती.