गोरं आलं, शुभ्र लसूण आणि तकतकीत मिरची

आलं घ्यायला निघालात ना? मग पहिला नियम पक्का करा: माती दिसली की पुढे चालू लागा. आलं जमिनीखाली वाढतं हे मान्य, पण घरी न्यायच्या वस्तूने आपला पूर्वेतिहास असा अंगावर मिरवायचा म्हणजे काय! समोर दोन ढीग असतील. एकातलं आलं करडं-तपकिरी, सालीवर खवल्यांच्या गोल रेघा, बोटांच्या बेचक्यांत वाळलेली माती. दुसरं पिवळंधमक, ओलसर, एकही खवला नसलेलं. तुम्ही दुसऱ्याकडेच वळणार याची विक्रेत्याला तुमच्याआधीपासून खात्री असते. तुमच्या त्या आवडीखातरच तर त्याने, किंवा त्याच्याही आधी कुणीतरी, एवढी मेहनत घेतलेली असते.

ती मेहनत काय, हे विचारू नये. पण विचारलंच आहे तर सांगतो. मातीसकट आलेलं आलं पातळ केलेल्या अ‍ॅसिडमध्ये किंवा धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात बुडवायचं आणि एकमेकांवर घासायचं. माती जाते आणि तिच्याबरोबर तपकिरी सालही सुटते. कुठे कुठे गंधकाची धुरी देतात. तिने रंग आणखी उजळतो. मग साध्या पाण्यातून काढलं की झाला माल तयार. ते पाणीही आल्याबरोबर तराजूत बसतं, तेव्हा आपल्याला काही फुकट मिळालं, असं वाईट वाटून घेऊ नका. मिळालंच नाहीये.

आता ती साल म्हणजे काय, तर आल्याचं बुचासारखं कवच. आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं आणि बाहेरची बुरशी आत येऊ न देणं, ही तिची दोन कामं. शिवाय वासाचं तेल असलेल्या पेशी सालीच्या लगेच खालीच दाटीने असतात. म्हणजे साल उतरवताना आल्याची राखणही जाते आणि वासातला थोडा वाटाही. पण आपल्याला दिसायला हवं, वासाचं काय घेऊन बसलात?

म्हणूनच सांगतो, ढिगाशी उभं राहून नखाने खरवडायची वाईट सवय सोडा. पक्क्या आल्याची साल नखाने खरवडावी लागते, आणि खरवडली की त्या जागेवरून झणका थेट नाकात जातो. अ‍ॅसिडमधून निघालेल्या आल्यावर नुसता अंगठा फिरवला तरी पापुद्रा सरकतो. वास एक तर येतच नाही, किंवा विझलेल्या काडीचा येतो. तो गंधकाचा. दम्याच्या काही रुग्णांना गंधकाचा हा अंश सोसत नाही, पण तुम्ही त्यांना कुठे विचारणार आहात?

तुकडा मोडून बघण्याचा मोह तर हमखास आवरा. चांगलं आलं कट्कन मोडतं, मोडलेल्या जागी रस डवरतो. वाकलं पण मोडलं नाही, तर ते शिळं. आणि मोडल्यावर एक अडचणीची गोष्ट कळते. कोवळं आलं निसर्गतःच फिकं आणि पातळ सालीचं असतं, कोंबाची टोकं गुलाबीसर असतात, आणि आत तंतू जवळजवळ नसतात. त्यामुळे गोरं दिसलं की अ‍ॅसिडच, असं म्हणून भांडायला उठू नये. पण वरून कोवळ्यासारखं गोरं आणि मोडलं तर आत जाडजूड तंतू लोंबताहेत, असं दिसलं तर समजावं की मेकअप झालेला आहे. असं काही दिसू नये म्हणूनच मोडू नका म्हणतो. (आत निळसर कडं दिसलं तर मात्र घाबरू नका, काही जातींत ते मुळातच असतं.) आणि नुसत्या पाण्याने धुतलेलं आलंही स्वच्छच असतं बरं का, फक्त त्याची तपकिरी साल जागेवर असते.

घरी आणल्यावर दोन्ही ढिगांतला एकेक तुकडा शेजारी शेजारी उघड्यावर ठेवायचा प्रयोग तर कधीच करू नका. करड्यावर हळूहळू सुरकुत्या येतात, इतकंच. गोरं आधी चिकट होतं, मग बेचक्यांत पांढरी लव धरतं. त्याच आल्यासाठी तुम्ही चोखंदळपणे ढीग उपसला होतात, हे घरच्यांना कळायला नको.

लसणाचं त्या मानाने सोपं आहे. सगळ्यात पांढरा गड्डा उचला. त्याच्या बुडाशी मुळांचा झुपका शिल्लक असेल तर ठेवून द्या. बूड तासून गुळगुळीत केलेलं हवं. देशोदेशीचे विलगीकरणाचे नियम माती आत येऊ देत नाहीत, म्हणून लांबून आलेल्या लसणाची मुळं बहुधा साफ तासलेली असतात. जवळच्या शेतातल्या गड्ड्याला वाळकी मुळं आणि मातीचे कण असायची शक्यता जास्त. जवळचा व्यापारीही मुळं छाटू शकतो, त्यामुळे ही खूण म्हणजे पुरावा नव्हे, नुसता संशय. पांढरेपणाचंही तसंच. काही जाती मुळातच पांढऱ्या, काहींवर जांभळट रेघा, आणि बाहेरचे दोन मळके पापुद्रे काढले की कुठलाही गड्डा उजळतो. खरोखर रसायनात बुडवलेला असेल तर त्याचा वास पापुद्र्यांत अडकलेला असतो. म्हणून हुंगू नका.

पाकळी उभी चिरू नका, हेही सांगून ठेवतो. मधोमध हिरवा कोंब दिसला की लसूण बरेच दिवस काढून आलाय किंवा शीतगृहातून बाहेर पडून जागा झालाय, हे उगाच कळतं. कोंब तपकिरी, सुकलेला दिसला तर कोंब फुटू नये म्हणून त्यावर किरणांचा मारा झालेला असू शकतो. ठेचलेला लसूण आंबटात घातल्यावर निळा-हिरवा झाला, तर मात्र जोरात आरडाओरडा करा, कारण त्यात भेसळ मुळीच नसते. लसणातल्या गंधकयुक्त द्रव्यांची ती आपसातली करामत आहे, आणि निष्पाप माणसावर ओरडण्यात जी मजा आहे ती दुसऱ्या कशात नाही.

राहिली मिरची. गडद हिरवी, तकतकीत निवडा. गडद रंग जातीचाही असू शकतो, तकाकी मेणाचीही. पण देठाकडे बघू नका, कारण मिरचीत आधी म्हातारा होतो तो देठ. मिरची हिरवीगार आणि देठ काळपट, सुकलेला असेल तर रंगात काहीतरी तिढा आहे. उलट देठ, टोपी आणि देठाची कापलेली कड सगळंच एका छटेचं हिरवं दिसत असेल, तर तिढा आणखी मोठा. मॅलॅकाइट ग्रीन हा कापड रंगवायचा रंग खाण्याच्या वस्तूंत वापरायला बंदी आहे. मिरचीला मात्र तो खुलून दिसतो.

कापसाचा बोळा पाण्यात किंवा खाद्यतेलात बुडवून मिरचीवर चोळायचा, असा एक उपद्रवी उपाय काही लोक करतात. मिरचीचा स्वतःचा हिरवा रंग पाण्यात उतरत नाही. अखंड सालीवरून पाण्याचा बोळा हिरवा झाला तर तो रंग बाहेरून लावलेला. तेलाच्या बोळ्यासाठीही मिरची अखंडच हवी. चिरडलेली असेल तर तिचा स्वतःचाच रंग उतरून फसगत होते. फवारलेलं औषध मात्र या बोळ्याला कळत नाही, डोळ्यांनाही नाही. धुतल्याने वरचं थोडं जातं, आत शोषलेलं आतच राहतं. तेव्हा बोळा पांढरा निघाला की मिरची निर्दोष म्हणून जाहीर करा, आणि हिरवा निघाला तर बोळाच बदला.